पेट्रोलच्या १०३.५०ची फोड करताना सहा रुपये वीस पैसे चुकतायत, कुठे ते सांगा

सुमेधा_क

नमस्कार मंडळी. मी अकरावी-बारावी कॉमर्सच्या शिकवण्या घेते. अप्रत्यक्ष करांचं प्रकरण शिकवताना मुलांसमोर खरं उदाहरण ठेवावं म्हणून जून २०२५मधली पेट्रोलची पावती घेऊन बसले. मुंबईतला पंप, दर लिटरला १०३.५०. पावतीवर दर, लिटर आणि रक्कम एवढंच असतं. कर किती, पंपाला किती, यातलं काही छापलेलं नसतं. म्हणून फोड स्वतः करायची ठरवली.

माझ्याकडे होती ती माहिती अशी. केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागे २१.९०. डीलर कमिशन सरासरी ४.४०. महाराष्ट्राचा पेट्रोलवरचा व्हॅट २५ टक्के आणि वर लिटरमागे ५.१२. मी १०३.५०चे २५ टक्के काढले, ते आले २५.८८. त्यात ५.१२ मिळवले, झाला ३१ रुपये व्हॅट. १०३.५०मधून ३१, २१.९० आणि ४.४० वजा केल्यावर मूळ किंमत उरली ४६.२०.

वर्गातल्या एका मुलीने घरी भावाच्या मदतीने हेच केलं आणि तिचं उत्तर आलं ५२.४०. तिला रीत नीट सांगता आली नाही, पण उत्तरावर ती ठाम आहे. आमच्या दोघींत ६ रुपये २० पैशांचा फरक आहे आणि मला माझी चूक सापडत नाहीये. सोमवारी पुन्हा वर्ग आहे. कोणी समजावून सांगेल का?

रोखठोक

सुमेधाताई, इतकी आकडेमोड कशाला? निम्मी किंमत कर असते हे जगजाहीर आहे. १०३चे निम्मे साडेएक्कावन्न. तुमच्या विद्यार्थिनीचं उत्तर त्याच्या जवळपास आहे, म्हणजे तिचंच बरोबर. आणि हा सगळा कर केंद्राचा. राज्यांच्या वाट्याला फारसं काही येत नाही.

निवृत्त_निरीक्षक

सुमेधाताई, मी विक्रीकर खात्यात तीस वर्षं काढली, तेव्हा हा माझा जिव्हाळ्याचा विषय. मुलीचं उत्तर बरोबर आहे. तुम्ही केलेली चूक मी आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलांमध्येही पाहिली आहे.

२५ टक्के कशाचे, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारला नाहीत. तुम्ही ते १०३.५०चे काढलेत. पण १०३.५० ही व्हॅट लागून झालेली किंमत आहे. व्हॅट लागतो तो त्याच्या आधीच्या रकमेवर, म्हणजे मूळ किंमत, वाहतूक, उत्पादन शुल्क आणि डीलर कमिशन या सगळ्यांच्या बेरजेवर. त्यामुळे इथे वरून खाली न येता उलटं चढावं लागतं.

आधी ५.१२ बाजूला काढा, कारण ती टक्केवारी नाही, लिटरमागे ठरलेली रक्कम आहे. १०३.५०मधून ५.१२ गेले, राहिले ९८.३८. या ९८.३८मध्ये करपूर्व रक्कम आणि तिचे २५ टक्के दोन्ही आहेत, म्हणजे ती रक्कम सव्वापट झालेली आहे. म्हणून १.२५ने भागा. आले ७८.७०. ही पेट्रोलची व्हॅटपूर्व किंमत. तिचे २५ टक्के १९.६८, अधिक ५.१२, म्हणजे व्हॅट २४.८०. बेरीज करून पाहा, ७८.७० आणि २४.८० मिळून १०३.५० बरोबर होतात. आता ७८.७०मधून २१.९० शुल्क आणि ४.४० कमिशन वजा करा. उरतात ५२.४०. त्यात तेल कंपनीची मूळ किंमत आहे आणि डेपोपासून पंपापर्यंतचं भाडं आहे.

तुमच्या ताळ्याची गंमत पाहा. तुम्ही जो ३१ रुपये व्हॅट काढला, तो खऱ्या व्हॅटपेक्षा ६.२०ने जास्त आहे. आणि खऱ्या २४.८०चे २५ टक्के काढले तर नेमके ६.२० येतात. म्हणजे तुम्ही व्हॅटवर पुन्हा व्हॅट लावलात. चूक तेवढीच, बाकी रीत ठीक.

सुमेधा_क

सर, अगदी लख्ख झालं. भागाकाराऐवजी गुणाकार करून बसले. व्यापारी सुटीचं गणित शिकवताना "सवलत छापील किमतीवर" असं मीच मुलांना बजावते, आणि इथे तेच विसरले.

पण एक खटकतंय. व्हॅट उत्पादन शुल्कावरही लागतो? म्हणजे केंद्राच्या करावर राज्याचा कर?

रोखठोक

नाही हो ताई. करावर कर लावता येत नाही, असं कुठलंही सरकार करणार नाही. व्हॅट फक्त मूळ किमतीवर लागतो, शुल्क नंतर मिळवतात.

निवृत्त_निरीक्षक

रोखठोक, तुमचं म्हणणं तपासायला आकडे हाताशी आहेतच. मूळ किंमत ५२.४० धरा आणि फक्त तिच्यावर २५ टक्के लावा. १३.१० आले. अधिक ५.१२, म्हणजे व्हॅट १८.२२. आता ५२.४०, २१.९०, ४.४० आणि १८.२२ मिळवा. बेरीज ९६.९२ होते. पंपावर तर १०३.५० घेतले. मधले ६.५८ कुठून आले? शुल्क आणि कमिशन मिळून २६.३० होतात, त्यांचे २५ टक्के काढा, तेवढेच येतात.

यातला केंद्राच्या शुल्कावर पडणारा राज्याचा व्हॅट जवळपास ५.४८ आहे आणि कमिशनवरचा १.१०. करावर कर लागतो, आणि तो कायदेशीर आहे, कारण विक्री किमतीच्या व्याख्येत उत्पादन शुल्क धरलं जातं. तेल कंपनीच्या किंमत-तक्त्यातही व्हॅटच्या ओळीत "डीलर कमिशनवरील व्हॅटसह" असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

"निम्मी किंमत कर" याबद्दलही थोडं. या पावतीत शुल्क आणि व्हॅट मिळून ४६.७०, म्हणजे १०३.५०चे ४५ टक्के. तुमच्या डोक्यात जो आकडा आहे तो एका काळात खरा होता, किंबहुना कमीच होता. मे २०२१च्या अखेरीस मुंबईत पेट्रोल शंभरावर गेलं तेव्हा शुल्क ३२.९० होतं आणि मुंबईचा व्हॅट २६ टक्के अधिक १०.१२. त्याच रीतीने १०० रुपयांची फोड केली तर व्हॅट २८.६७ येतो आणि दोन्ही मिळून साडेएकसष्ट रुपये कर. तेव्हा "निम्मा" म्हणणाराही कमीच सांगत होता. प्रमाण स्थिर नसतं, कारण शुल्क लिटरमागे ठरलेलं आहे आणि व्हॅटचा मोठा भाग टक्केवारीचा आहे. किमती चढल्या की राज्याची वसुली आपोआप चढते, केंद्राची जागच्या जागी राहते.

किराणा_नाशिक

नमस्कार. माझं घाऊक किराण्याचं दुकान आहे, दोन टेम्पो आहेत. जीएसटी नंबर आहे. पेट्रोल-डिझेलच्या पावतीवर माझा नंबर टाकून घेतला तर हा २५ टक्क्यांचा परतावा मिळेल का? महिन्याला बरीच रक्कम होते. माझा सीए यावर नीट बोलत नाही.

निवृत्त_निरीक्षक

नाही मिळणार, भाऊ. पेट्रोल आणि डिझेल अजून जीएसटीत आलेलेच नाहीत. कधी आणायचे ती तारीख जीएसटी परिषदेने सुचवायची, असं राज्यघटनेच्या कलम २७९-अमध्ये आहे, आणि ती तारीख ठरलेली नाही. तुम्ही पंपावर भरता तो जुना व्हॅट. जीएसटीच्या विवरणात त्याची वजावट घेता येत नाही, मग पावतीवर नंबर असो वा नसो. टेम्पोचे टायर आणि दुरुस्ती यांचा विषय वेगळा, तो सीएंना जरूर विचारा.

मराठवाडा_पंप

राम राम मंडळी. मी पंपचालक, परभणी जिल्ह्यातला. वडिलांपासून पंप आहे. इथे कमिशनचा आकडा इतक्या सहज ४.४० लिहिलेला दिसला, म्हणून दोन शब्द.

४.४० ही सरासरी आहे, आणि तीही दिल्लीच्या तक्त्यातली. आमचं कमिशन दोन तुकड्यांत असतं. एक हजार लिटरमागे ठरलेली रक्कम, आणि दुसरा कंपनीच्या बिल-किमतीवरचा छोटा टक्का. त्यामुळे गावोगाव पैशांचा फरक पडतो. ऑक्टोबर २०२४च्या शेवटी कमिशन वाढलं, पेट्रोलला ६५ पैशांच्या आसपास. त्याच्या आधी सात वर्षं वाढ नव्हती. ३१ मे २०२२ला देशभरातल्या पंपचालकांनी एक दिवस खरेदी बंद ठेवली होती, ती याच मागणीसाठी. विक्री चालू होती, टँकर फक्त उचलले नव्हते.

आणि हे ४.४० हातात राहतात असं कोणी समजू नये. पोरांचे पगार, वीज, जनरेटर, कार्डाचा खर्च, उन्हाळ्यात टाकीतून उडून जाणारं पेट्रोल, सगळं त्यातूनच. जागा आणि यंत्रं कंपनीची असतील तर लायसन्स फीसुद्धा कापली जाते.

आता परभणीचं. आमच्याकडचं पेट्रोल राज्यात महाग असतं, लोक म्हणतात पंपवाले लुटतात. माल येतो मनमाडच्या डेपोतून, तीनशे किलोमीटरहून जास्त लांबून. बारा हजार लिटरचा टँकर एवढ्या लांबून येतो त्याचं भाडं किमतीत बसतं. निरीक्षक साहेबांनी वर सांगितलं त्याप्रमाणे व्हॅट त्या भाड्यावरही लागतो. मुंबईपेक्षा भाडं लिटरला दोन रुपये जास्त पडलं तर पंपावर फरक अडीच रुपयांचा दिसतो. पन्नास पैसे केवळ अंतरावरचा कर. डेपोपासून जो जितका लांब, तो राज्याला लिटरमागे तितका जास्त व्हॅट भरतो. मराठवाड्यातल्या माणसाला हे कोणी समजावून सांगत नाही.

ऋता_दे

पंपवाले काका, हा अंतरावरच्या कराचा मुद्दा पहिल्यांदाच कळला, धन्यवाद.

निरीक्षक काका, तुमची रीत मी जुन्या दरांवर लावून पाहिली, कारण सूत्र बरोबर असेल तर ते दर बदलताना उघडं पडायला हवं. १ जुलै २०२४ला राज्याने मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा पेट्रोलवरचा व्हॅट २६वरून २५ टक्के केला. आदल्या दिवशी मुंबईचा दर १०४.२१ होता. त्यातून ५.१२ वजा करून १.२६ने भागले, ७८.६४ आले. त्याची सव्वापट करून ५.१२ मिळवले तर १०३.४२ येतात. प्रत्यक्षात दर झाला १०३.४४. दोन पैशांचा फरक. सूत्र चालतंय.

मग २२ मे २०२२वर लावलं आणि तिथे अडकले. केंद्राने शुल्क ८ रुपयांनी कमी केलं, २७.९०वरून १९.९०. मुंबईत तेव्हा व्हॅट २६ टक्के अधिक १०.१२. शुल्क ८ने उतरलं तर त्यावरचा व्हॅटही उतरतो, म्हणजे दर ८ गुणिले १.२६, १० रुपये ८ पैशांनी खाली यायला हवा. आला १२०.५१वरून १११.३५. फक्त ९.१६. मग ९२ पैसे कुठे गेले?

रोखठोक

ऋता, हे मला आठवतंय. त्याच दिवशी राज्य सरकारनेही पेट्रोलवरचा व्हॅट २ रुपये ८ पैशांनी कमी केला होता, बातमी होती. डिझेलवर १.४४. म्हणजे उलट दर आणखी खाली यायला हवा होता. ८ केंद्राचे, त्यावरचा व्हॅट, आणि वर हे राज्याचे २.०८.

निवृत्त_निरीक्षक

रोखठोक, बातमी तुम्हाला बरोबर आठवतेय, पण तो आकडा जरा जवळून पाहा. ८ रुपयांचे २६ टक्के किती? २ रुपये ८ पैसे. डिझेलचं शुल्क त्या दिवशी ६ रुपयांनी उतरलं आणि मुंबईत डिझेलवर व्हॅट २४ टक्के होता. ६चे २४ टक्के १ रुपया ४४ पैसे. दोन्ही आकडे पैशापर्यंत जुळतात. शुल्क कमी झाल्यावर टक्केवारीचा व्हॅट जो आपोआप कमी होणार होता, तीच ही कपात. वेगळे २.०८ नव्हतेच. व्हॅटचा दर तेव्हा २६ टक्के आणि १०.१२ तसाच राहिला. राज्याने खरी वेगळी कपात केली ती जुलै २०२२मध्ये, १०.१२चे ५.१२ करून. तेव्हा मुंबईचा दर १११.३५वरून १०६.३१ झाला, जवळपास पूर्ण पाच रुपये. दराचा बदल खरा की आपोआपचा, हे ओळखायचं असेल तर टक्का किंवा लिटरमागची रक्कम बदलली का ते पाहावं.

मराठवाडा_पंप

साहेब, त्या २.०८ने आमची काय अवस्था केली ते सांगतो. रविवारी केंद्राचा कमी झालेला दर लागला. सोमवारी सकाळी गिऱ्हाईक मोबाइलवर बातमी दाखवत नोझलवरच्या पोरांशी भांडायला लागलं, की राज्याने दोन रुपये कमी केले, तुम्ही का देत नाही? माझा एक पोरगा, नुकता बारावी झालेला, रडकुंडीला आला. मी स्वतः दिवसभर ड्राइव्हवेवर उभा राहिलो. दर वरून सकाळी सहाला येतो, मशीनमध्ये बसतो, आमच्या हातात काही नसतं. पण त्या दिवशी समजावायला माझ्याकडे "आठाचे सव्वीस टक्के" हे उत्तर नव्हतं. आज मिळालं.

दुसरी गोष्ट मालाची. घोषणा शनिवारी संध्याकाळी झाली. रविवारी डेपो बंद, म्हणून शनिवारी आम्ही टाक्या भरून घेतो. माझ्याकडे त्या रात्री चौदा हजार लिटर पेट्रोल होतं, सगळं जुन्या शुल्काने पैसे भरून घेतलेलं. सकाळी तेच लिटरला नऊ रुपये कमी दराने विकायचं. सव्वा लाखाच्या वर एका रात्रीत गेले. तेव्हा कमिशन पावणेचारच्या आसपास होतं, म्हणजे तेहेतीस हजार लिटरचं पूर्ण कमिशन. ज्या रात्री शुल्क वाढतं त्या रात्री फायदा होतो हेही खरं, ते मी नाकारत नाही. पण एवढी उडी एकदम खाली आली की लहान पंपाचं खेळतं भांडवल बसतं.

ऋता_दे

काका, वाचून वाईट वाटलं. ही बाजू कधी डोक्यातच आली नव्हती.

माझ्या ९२ पैशांचा माग मी पुढे काढला. दोन्ही दिवसांची व्हॅटपूर्व किंमत काढली. १२०.५१मधून १०.१२ वजा करून १.२६ने भागले, ८७.६१. १११.३५चं तसंच, ८०.३४. फरक ७.२७. म्हणजे शुल्क ८ रुपये उतरलं, पण व्हॅटपूर्व किंमत ७.२७ने उतरली. मधले ७३ पैसे शुल्क सोडून उरलेल्या भागात त्याच दिवशी वाढले.

मुंबईपुरतं काही असेल म्हणून दिल्ली पाहिली. तिथे व्हॅट १९.४० टक्के, लिटरमागची वेगळी रक्कम नाही. दर १०५.४१वरून ९६.७२ झाला, ८.६९ची घट. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी घोषणेत पेट्रोल साडेनऊ रुपयांनी स्वस्त होईल असं सांगितलं होतं, आणि ८ला १.१९४ने गुणलं तर खरोखर ९.५५ येतात. पण व्हॅटपूर्व किंमत ८८.२८वरून ८१.०१ झाली, घट ७.२७ची. इथेही तेच ७३ पैसे.

दोन शहरं, दोन वेगळे व्हॅट, आणि गळती पैशापर्यंत सारखी. तेव्हा ती करात नाही, मूळ किमतीत किंवा कमिशनमध्ये आहे. कोणाला माहीत आहे का ती नक्की कशाची?

रोखठोक

तेल कंपन्यांनी ठेवले, दुसरं काय. ऋता, तुझ्या गणिताबद्दल मात्र मानलं. २.०८बद्दल मी चुकलो होतो, निरीक्षक साहेबांचं म्हणणं पटलं.

मराठवाडा_पंप

कमिशनमध्ये नव्हते एवढं मी छातीठोक सांगतो. आमची वाढ २०२४ला झाली. त्या मे महिन्यात मला एक पैसा जास्त मिळाला नाही, माझी बिलं आहेत.

निवृत्त_निरीक्षक

मग राहते मूळ किंमत. ६ एप्रिल २०२२नंतर पंपावरचे दर थिजलेले होते आणि कच्चं तेल महाग होतं, त्यामुळे कंपन्या त्या काळात तोट्याची तक्रार करत होत्या. शुल्क उतरलं त्याच दिवशी थोडी भरपाई करून घेतली असावी हा माझा तर्क आहे. कागद माझ्या हातात नाही, म्हणून तर्कच म्हणतो.

उलटा प्रकार मात्र कागदावर दिसतो. मार्च २०२४मध्ये पेट्रोल २ रुपयांनी स्वस्त झालं. दिल्लीत ९६.७२चे ९४.७२ झाले. २ला १.१९४ने भागा, कंपन्यांनी सोडले १.६८, उरलेले ३२ पैसे दिल्ली सरकारचा व्हॅट आपोआप घटला. मुंबईत तीच १.६८ची घट १.२६ने गुणून २.१२ व्हायला हवी, प्रत्यक्षात १०६.३१चे १०४.२१ झाले, २.१०. कपात एकच, पण ज्या राज्याचा टक्का जास्त तिथल्या गिऱ्हाइकाला ती जास्त जाणवते. वाढीच्या वेळीही तसंच.

सुमेधा_क

मी दोन दिवस नुसती वाचत होते. सोमवारचा वर्ग झाला. मुलीला फळ्यासमोर बोलावून तिच्याकडूनच भागाकार करून घेतला आणि माझी चूक कुठे होती तेही मुलांना सांगितलं. मग त्यांना एक प्रश्न घातला, तो इथेही ठेवते.

८ एप्रिल २०२५ला केंद्राने शुल्क १९.९०वरून २१.९० केलं, पण पंपावरचा दर बदलला नाही. मग ते २ रुपये कोणी भरले आणि राज्याला त्यातून किती मिळाले?

निम्म्या मुलांनी लगेच लिहिलं की राज्याला पन्नास पैसे जास्त मिळाले, २चे २५ टक्के. एका मुलाने हात वर करून विचारलं, "मॅडम, दर तोच असेल तर व्हॅटपूर्व किंमतही तीच ना?" बरोबर. दर १०३.५०, तर ७८.७० तसेच, व्हॅट २४.८० तसाच. शुल्क २ने वाढलं म्हणजे मूळ किंमत २ने कमी झाली. गिऱ्हाइकाला काही नाही, राज्याला काही नाही, कंपन्यांनी २ सोडले. मीसुद्धा हे आधी मांडून पाहिलं नव्हतं.

निरीक्षक सर, एक शंका. रोखठोक वर म्हणाले होते की केंद्राचा कर केंद्रालाच जातो. केंद्राच्या करात राज्यांचा वाटा असतो असं पाठ्यपुस्तकात आहे. मग २१.९०मधलं राज्यांना किती?

निवृत्त_निरीक्षक

इथे रोखठोक जवळपास बरोबर आहेत, फक्त कारण त्यांनी सांगितलं नाही. २१.९० हे एकच शुल्क नाही. मूळ उत्पादन शुल्क फक्त १.४०. विशेष अतिरिक्त शुल्क १३, शेतीच्या पायाभूत सुविधांचा उपकर २.५०, रस्ते आणि पायाभूत सुविधांचा उपकर ५. राज्यांमध्ये वाटून द्यायच्या तिजोरीत फक्त ते १.४० जातात. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांचा वाटा ४१ टक्के ठरवला, म्हणजे लिटरमागे सुमारे ५७ पैसे, आणि ते सगळ्या राज्यांत मिळून. म्हणून राज्यं स्वतःच्या व्हॅटला इतकी घट्ट धरून असतात, आणि म्हणूनच पेट्रोल जीएसटीत आणायला कोणी मनापासून तयार नसतं. तो व्हॅट इथे २४.८० आहे. त्यामुळे "राज्याला फारसं काही येत नाही" हे त्यांचं दुसरं वाक्य मात्र टिकत नाही.

रोखठोक

मान्य. केंद्राकडून ५७ पैसे आणि स्वतःचे २४.८०. मी दोन गोष्टी एकत्र केल्या होत्या.

किराणा_नाशिक

साहेब, सीएंना विचारलं. तुम्ही सांगितलं तेच. टायरचं मात्र होतंय म्हणाले. धन्यवाद.

ऋता_दे

अजून एक प्रश्न आहे. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलवर जीएसटी भरलेला असतो, पाच टक्के. मग एका लिटरमधल्या आठशे मिलिलिटर पेट्रोलवरच शुल्क लागायला हवं, म्हणजे १७.५२. पण तक्त्यात पूर्ण २१.९० धरलेले असतात. तसं असेल तर आपण काढलेले ५२.४० बरोबर आहेत की त्यात आणखी काही लपलंय?

मराठवाडा_पंप

माझ्या बिलावर इथेनॉलची वेगळी ओळ नसते, ताई. हजार लिटरचा एक दर येतो आणि व्हॅट वेगळा दिसतो, बस. गुरुवारी टँकर आहे. त्याचं बिल आलं की ओळीन् ओळ वाचून, नाव-नंबर झाकून, इथे आकडे टाकतो. सुमेधाताईंनाही वर्गात दाखवायला होईल.

निवृत्त_निरीक्षक

ऋता, प्रश्न नेमका आहे. मी नोकरीत असताना हे मिश्रण एवढं नव्हतं, त्यामुळे यावर अंदाज ठोकणार नाही. गुरुवारच्या बिलात व्हॅटची रक्कम भागिले लिटर करून, त्यातून ५.१२ वजा करून उरलेल्याची चौपट केली की आपल्याला व्हॅटपूर्व किंमत मिळेल, तिथून सुरुवात करता येईल. पंपवाले भाऊ, परभणीचा त्या दिवशीचा दर आणि बिलावर भाडं वेगळं लिहिलं असेल तर तेही टाका.